घोंगड्याचं बारदान

माझे वडील गंगापूरच्या बाजार समितीत मापाडी होते. ज्वारीची, कापसाची पोती काट्यावर चढली की ते आकडा मोठ्यानं पुकारायचे आणि त्याच दमात म्हणायचे, "बारदान वजा." बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. माल मोजताना पोतं मोजायचं नाही, इतकी ती साधी गोष्ट. पावसाळ्यात पोती ओली होऊन जड व्हायची, तेव्हा ते आधी एक रिकामं पोतं काट्यावर टाकून बघायचे आणि मगच आकडा बोलायचे. वेळ जातो म्हणून व्यापारी कटकट करायचे. वडील ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. हे सगळं मी लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे "बाईंना बिचाऱ्यांना काय माहीत" असं म्हणायची सोय कुणालाच राहणार नाही.

मी शिकवते ती जिल्हा परिषदेची शाळा शेंद्र्याच्या पलीकडे, कंपन्यांच्या कुंपणांच्या मागं आहे. सातवीपर्यंत वर्ग. सिडकोतल्या घरून रोज स्कूटीनं जाते. गावाच्या एका अंगाला शेतं, दुसऱ्या अंगाला कंपन्यांचे शेड, आणि मधल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना बाटल्याच बाटल्या. पाण्याच्या, थंड पेयांच्या, ताकाच्या. कामगार डबा खाऊन बसमध्ये चढायचे आणि बाटली खिडकीतून बाहेर. पोरं त्यांचा ढीग करून पेटवायची आणि धुरात नाचायची. मला संताप यायचा. मी संतापी आहेच, वर्गात माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली पोरंही गप्प होतात.

शहरात एका प्रशिक्षणात मी कचरा बँकेबद्दल ऐकलं आणि माझ्या डोक्यानं तेच घेतलं. मुलांनी घरातला स्वच्छ, कोरडा सुका कचरा आणायचा, आपण तो मोजायचा, पासबुकात लिहायचा, किलोमागं पॉइंट द्यायचे. साठलेला माल महिन्याला भंगारवाल्याला विकायचा आणि त्या पैशातून वह्या, पेनं, कंपासपेट्या आणायच्या. ज्याचे जितके पॉइंट, त्याला तितक्याची वस्तू. एका कंपनीनं लटकवायचा डिजिटल काटा दिला, पासबुकं छापून दिली आणि वर्षाअखेर पहिल्या येणाऱ्याला एक सायकल देऊ म्हणून सांगितलं. आमच्या मुख्याध्यापक सरांना सायकलीपेक्षा बॅनर जास्त आवडला. त्यावर त्यांचा फोटो होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की बँक उघडायची. व्हरांड्याच्या लोखंडी अँगलला काटा टांगायचा, शेजारी माझं टेबल, टेबलावर मोठं रजिस्टर. बाटल्यांना किलोला दहा पॉइंट, दुधाच्या पिशव्यांना बारा, रद्दीला पाच, पुठ्ठ्याला चार. बाटलीचं झाकण वेगळं, वरचा कागद काढलेला, आत पाणी नको, वास नको. मी प्रत्येक पिशवीतली एक बाटली काढून तिच्या तोंडाशी नाक लावून वास घ्यायची. आंबूस वास आला की पिशवी परत. माझ्या पाठीमागं पोरं माझी नक्कल करायची, एकमेकांच्या डोक्याचा वास घेऊन "परत जा, धुऊन ये" म्हणायची. मला ते दिसायचं, पण मजा वाटायची.

काट्याला हुक होता, पारडं नव्हतं. सुटा माल त्यावर ठेवता येत नव्हता, गोणीसकटच टांगावा लागायचा. रिकामी गोणी आधी टांगून बटण दाबलं की काटा शून्यावर येतो, मग भरलेली टांगायची. ही बरोबर पद्धत. पण साठ पोरांची रांग, उन्हाची वेळ आणि मला घरी जायची घाई. पहिल्या शनिवारी मी खताची एक रिकामी गोणी टांगली, एकशे वीस ग्रॅम भरली. रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी ठसठशीत लिहिलं, "बारदान, सर्वांसाठी १२० ग्रॅम." बहुतेक सगळी पोरं तशाच गोण्या आणायची, त्यामुळे काही बिघडत नव्हतं. एका पोरीचं सोडून.

ती सातवीत होती. गावाबाहेरच्या वस्तीवर तिचे आईवडील राहायचे, मेंढरं राखायचे, मेंढरं कमी झाली तशी मजुरीलाही जायचे. तिच्या घरात बाटली विकत आणायचा प्रश्नच नव्हता. दूध घरचं, तेल सुटं. म्हणजे नियमाप्रमाणं बघितलं तर तिच्याकडं जमा करायला काहीच नव्हतं. पण ती शाळेआधी आणि शाळेनंतर मेंढरांमागं जायची, आणि मेंढरं रस्त्याच्या कडेनंच चरायची. ती बाटल्या वेचायची. वस्तीवरच्या मेंढरांच्या हौदावर धुवायची, उन्हात उलट्या टाकायची, पायाखाली चपट्या करायची, झाकणं वेगळ्या पिशवीत. तिच्या बाटलीला मी कधी नाक लावलं आणि वास आला, असं एकदाही झालं नाही. बऱ्या घरची पोरं तेलकट डबे आणायची आणि वर तोंड करून वाद घालायची.

आणि ती माल आणायची घोंगड्यात. गोणी मिळाली तर घरचे त्यात पेंड भरायचे, पोरीला कुठून देणार? जुनं, मधून फाडलेलं अर्धं घोंगडं, चार टोकांची गाठ मारलेली, पाठीवर टाकून ती पायवाटेनं यायची. पहिल्यांदा आली तेव्हा रांगेत सगळ्यात शेवटी होती. तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाई, आधी निस्तं घोंगडं लटकवू का? लई जड हाय ते."

मी रजिस्टरात मान घालून बसले होते. "राहू दे गं. बारदान धरते मी."

"किती धरता?"

"एकशे वीस ग्रॅम. सगळ्यांना तेवढंच."

"घोंगडं जास्त भरंल बाई."

"तू मला शिकवतेस का? टांग."

तिनं टांगलं. काट्यावर आकडा आला, मी एकशे वीस वजा केले, पासबुकात लिहिलं, सही केली. पुढच्या शनिवारी तिनं विचारलं नाही. मीही विचार केला नाही. हे एकतीस शनिवार चाललं.

दिवाळीनंतर एका सहीसाठी तिचे वडील शाळेत आले होते. दारात चपला काढून उभे राहिले, आत या म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मी म्हटलं, पोरगी हुशार आहे, आठवीला हायस्कूलला घाला. हायस्कूल सहा किलोमीटरवर, वाटेत कंपन्यांचा रस्ता, त्या वेळेला एसटी नाही. सरकारी सायकली मुलींना मिळतात काही तालुक्यांत, आमचं गाव त्या यादीत नव्हतं. वडील म्हणाले, "चालत त्या रस्त्यानं नाय धाडायचो बाई. पोरीची जात. सायकल मिळाली तर घालतो, जबान देतो. नायतर मेंढरं हायेत आन् ती हाय."

"मिळेल सायकल," मी म्हटलं. "तीच पहिली आहे सध्या."

ते हसले. "व्हय, ती रोज सांगती. भिंतीवर कोळशानं आकडे लिव्हती तुमचे."

तिचे पॉइंट पुढं होतेच. दुसरा नंबर किराणा दुकानदाराच्या मुलाचा होता, दुकानातले पुठ्ठे आणि रद्दी आणायचा. सालस पोरगा. त्यांच्यात भांडण नव्हतं, उलट ती त्याचे पुठ्ठे बांधून द्यायची, कारण त्याला गाठ मारता येत नव्हती.

आता हिशेबाची भानगड. महिन्याला भंगारवाले चाचा टेम्पो घेऊन यायचे. त्यांच्या काट्यावर वजन व्हायचं आणि ते मी माझ्या रजिस्टरातल्या वजनाशी ताडून बघायची. रद्दी जुळायची. पुठ्ठा जुळायचा. बाटल्या मात्र दर महिन्याला चार-पाच किलो कमी, पावसाळ्यात तर त्याहून जास्त. मी "घट" असा एक रकाना आखला आणि त्यात ती तूट टाकत गेले. बाटल्यांत पाणी राहत असेल, वाळत असेल, असं मनाशी म्हणायची. पुढं मला संशय आला तो चाचांचा. एवढं पासबुक, एवढं रजिस्टर, एवढी सरळ मी, म्हणजे खोटा तोच असणार. फेब्रुवारीत मी टेम्पोपाशीच आवाज चढवला. पोरं बघत होती.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तीस साल हो गये इस धंदे में. इल्जाम मत लगाओ. मेरे पास पाच किलो का बाट है, सरकारी सिक्के का. दोनों काटों पे रखके देखो."

ठेवून बघितलं. त्यांच्या काट्यावर पाच किलो. माझ्या काट्यावर पाच किलो. चाचांनी बाट उचलून टेम्पोत ठेवला आणि ते गेले. त्यांची माफी मी मागितली नाही. तेही इथं सांगून ठेवते.

मग पुढच्या शनिवारी, म्हणजे शेवटच्याच शनिवारी, मी प्रत्येकाचा माल ओतून रिकामी गोणी वेगळी टांगायला लागले. एकशे दहा, एकशे वीस, एकशे तीस. सर मागं खुर्ची टाकून बसले होते, आठ दिवसांवर बक्षीस समारंभ होता आणि कंपनीचे साहेब येणार होते. तिची पाळी आली. बाटल्या ओतल्या. घोंगडं टांगलं. एक किलो एकशे वीस ग्रॅम.

मी आकडा बघत उभी राहिले. दर शनिवारी एक किलो. पावसात लोकर पाणी धरते, तेव्हा दीड. एका महिन्याची नाही, सगळ्या वर्षाची घट त्या हुकाला लोंबत होती.

"बाई," ती म्हणाली, "मी म्हणलं व्हतं की."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट जरा आनंदच होता, आपलं बरोबर निघालं म्हणून. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "बस खाली. मध्ये बोलू नकोस."

सर उठून आले, घोंगडं बोटानं जरा हलवलं आणि मला ऑफिसात बोलावलं. शाळा समितीचे अध्यक्षही होते, मंडप ठरवायला आलेले. अध्यक्ष सरळ म्हणाले, "पोरीनं घोंगड्याचं वजन घालून पॉइंट वाढवले. वस्तीवरची माणसं, सांगायला नको."

मी म्हणायला हवं होतं की तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. चार शब्द. माझ्या जिभेवर होते. पण सर बोलत होते, "मॅडम, तालुक्याच्या स्पर्धेला आपली फाईल गेलीय. त्यात 'अचूक नोंदी' असा मुद्दा आहे, तुम्हीच लिहिलाय. आता वर्षभर वजन चुकीचं झालं, असं आपणच लिहून द्यायचं? कंपनी विचारेल, काटा कुणाच्या ताब्यात होता? तुमचं नाव येईल. माझं सोडा, माझी दोन वर्षं राहिलीत."

"वजा करून परत बेरीज मांडता येईल," मी म्हटलं. तेवढंच म्हटलं.

"मग सगळ्यांची मांडा. प्रत्येकाची गोणी कुठंय आता? ते शक्य नाही. ज्याचं वजन संशयास्पद, ते बाद. सोपं आहे."

शक्य होतं. दहा मिनिटांचं काम होतं. एकतीस शनिवार, दर शनिवारी एक किलो, पाचवीच्या पोराला येणारं गणित. मी गप्प बसले. मला माझं नाव दिसत होतं, चुकीच्या वजनासमोर लिहिलेलं, आणि वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नोंदीवर कधी कुणी बोट ठेवलेलं नव्हतं. हा असला अभिमान.

तिला बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, "घोंगडं जड हाय हे तुला माहीत व्हतं का?"

"व्हय."

"तरी आणत व्हतीस?"

"बाईंनीच..." एवढं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं. पुढचं वाक्य तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं. मोठी माणसं समोर असताना बाईंचं नाव पोरीनं घ्यायचं नाही, बाईंनी स्वतः सांगायचं, असं तिला वाटलं असणार. मी रजिस्टर उघडलं आणि त्यात उगाच काहीतरी शोधायला लागले. पंखा फिरत होता, पानं उडत होती, मी ती हातानं दाबून धरली. ती किती वेळ बघत होती ते मला माहीत नाही, कारण मी वर पाहिलंच नाही.

"जा," सर म्हणाले.

शेरा माझ्या अक्षरात हवा होता, रजिस्टर माझं म्हणून. सरांनी सांगितला आणि मी लाल पेनानं लिहिला, "घोंगड्याचे वजन समाविष्ट करून गुण वाढविले. अपात्र." खाली सही. माझं अक्षर सुंदर आहे, सगळे म्हणतात. पासबुकातही तेच लिहून तिला परत दिलं. तिनं ते वाचलं, दप्तरात ठेवलं. रडली नाही. रडली असती तर कदाचित मी बोलले असते, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलंय. खोटं आहे ते. नसते बोलले.

समारंभ झाला. सायकल दुकानदाराच्या मुलाला मिळाली. तो स्टेजवर चढला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं, साहेबांनी दोनदा "हस रे" म्हटलं. टाळ्या झाल्या, मला नारळ आणि शाल. ती आली नव्हती. पुढचे दिवस ती शाळेत आली, परीक्षा दिली, पहिल्या तिघांत आली. पण पोरांनी तिचं नाव 'घोंगडं' पाडलं होतं. ती दारातून आत आली की कुणीतरी पुटपुटायचं, "बारदान आलं." हा शब्द त्यांना मीच शिकवला होता.

मे महिन्याच्या सुट्टीत, एका दुपारी, घरी पंख्याखाली बसून मी ती बेरीज मांडली. रजिस्टरच्या पानांचे फोटो फाईलसाठी फोनवर काढलेले होतेच. तिच्या नावावर सत्त्याण्णव किलो, म्हणजे नऊशे सत्तर पॉइंट. एकतीस शनिवारांचे एकतीस किलो वजा. पावसाचे आठ शनिवार, त्यांचे अर्धा अर्धा धरून आणखी चार वजा. राहिले बासष्ट किलो. सहाशे वीस पॉइंट. दुकानदाराच्या मुलाचे पाचशे चौऱ्याऐंशी.

मी तीनदा मांडली. तिन्ही वेळा तीच पहिली. घोंगडं धरलं तरी पहिली, काढलं तरी पहिली. तिला माझी चूक लागतच नव्हती जिंकायला. संध्याकाळचा चहाही केला नाही, घरच्यांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, झालं ते झालं. सायकल आता परत मागायची का? तुम्ही जास्त विचार करता."

माझ्या मुलीची सायकल होती, ती पुण्याला शिकायला गेल्यापासून जिन्याखाली पडलेली. ट्यूब बदलल्या, चेनला तेल दिलं, मुलीला फोनवरून सांगितलं. ओळखीच्या टेम्पोवाल्याकडून ती वस्तीच्या फाट्यापर्यंत नेली आणि पुढं हातानं ढकलत गेले. जूनचा पहिला आठवडा, पाऊस नव्हता अजून. आई चुलीपाशी होती, वडील मेंढरांकडं. मला बघून आई घाईनं उठली, आत गेली आणि बसायला म्हणून एक घोंगडं आणून अंथरलं. तेच. चार टोकांना गाठींच्या सुरकुत्या तशाच होत्या. पाहुण्याला घोंगडं अंथरायचं ही त्यांची रीत, आणि अंथरल्यावर उभं राहणं म्हणजे अपमान. मी बसले. माझ्या पायांना ते टोचत होतं.

भिंतीवर कोळशाचे आकडे होते, रांगेत, माझे. पुसायचा कुणी प्रयत्न केला नव्हता.

मी आईला म्हटलं, "चूक माझी झाली होती. मुलीची नाही. ही सायकल तिच्यासाठी. हायस्कूलला नाव घाला."

आई म्हणाली, "बाई, आमचं काय म्हणणं न्हाई. मालकबी घालतेत. पर तीच न्हाई म्हणती."

ती मागून आली. हातात पाण्याचा तांब्या. मला पाणी दिलं आणि सायकलीकडं एकदा बघून घेतलं, पण हात लावला नाही.

"का जात नाहीस गं?"

"आपली शाळेतली समदी तिथंच जाणार हायेत," ती म्हणाली. "तिथंबी घोंगडंच म्हणतील. म्हणतील, चोरून पॉइंट घेतले आन् रडून सायकल घेतली."

"मी सांगते त्यांना."

मी कधी, कुणाला, काय सांगते, ते तिनं एकदा पाहिलं होतं. मग तिनं विचारलं, "बाई, मोठ्या वहीतलं ते लाल खोडलं का?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिला सायकल नको होती. ते लाल खोडलेलं हवं होतं. तेवढं झालं असतं तर बाकीचं ती बघून घेणार होती, मला वाटतं, चालत सुद्धा गेली असती.

"खोडलं," मी म्हटलं.

खोडलेलं नव्हतं. रजिस्टर सरांच्या कपाटात होतं, मी ते मार्चनंतर उघडलंही नव्हतं. तिनं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. "सायकल न्या बाई," ती म्हणाली. "हितं पडून गंजंल." मी सायकल परत ढकलत फाट्यावर आणली.

शाळा उघडली त्या दिवशी मी पहिल्यांदा कपाटाची किल्ली मागितली. शेऱ्यावर दोन रेघा मारल्या आणि खाली लिहिलं, "विद्यार्थिनीने पहिल्याच दिवशी घोंगडे वेगळे मोजण्यास सांगितले होते. मी मोजले नाही. चूक माझी." सही केली, तारीख घातली. ते पान घेऊन वस्तीवर जायचं, तिला दाखवायचं, असं ठरवलं होतं. शनिवारी गेले तेव्हा कुडाचं दार बंद होतं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, पाऊस लांबला म्हणून मेंढरं घेऊन ती सगळी देवगाव रंगारीकडं गेली, कधी येतील नेम नाही. "मुलगीपण?" मी विचारलं. "व्हय, मग? पुढं कोण चालंल मेंढरांच्या?"

तालुक्याच्या स्पर्धेत आमची कचरा बँक निवडली गेली. तपासणीसाठी जिल्ह्याहून माणसं येणार म्हणून सरांनी रजिस्टर चाळलं आणि ते पान बघून डोक्याला हात लावला. "मॅडम, हे काय करून ठेवलंत? खाडाखोड, लाल शाई, कबुलीजबाब. हे असं दाखवायचं का कुणाला? नवीन रजिस्टर घ्या आणि स्वच्छ उतरवून काढा. ते प्रकरणच नको त्यात."

"मग तिच्या बाटल्या? विकलेल्या मालात त्या आहेत. जमेत काय दाखवायचं?"

सर म्हणाले, "शाळा परिसर सफाई म्हणून टाका."

मी नाही म्हणू शकले असते. एकदा नाही म्हणायला चुकले होते, आता तरी जमायला हवं होतं. पण तपासणी चार दिवसांवर होती, ती पोर कुठल्या माळावर होती ते कुणाला माहीत नव्हतं, आणि मी म्हटलं, निदान तो लाल शेरा तरी कुणाला दिसणार नाही. असं सगळं मनाशी जुळवून मी नवीन रजिस्टर घेतलं. तीन दिवस, माझ्या त्या सुंदर अक्षरात, वर्षभराचे शनिवार पुन्हा लिहिले. तिचं नाव आलं की ओळ सोडून पुढं जायची. शेवटच्या पानावर एक ओळ लिहिली, "शाळा परिसर सफाई, बाटल्या, ६२ किलो." घटीचा रकाना आखला नाही, कारण त्याची गरजच राहिली नाही. जमा आणि विक्री पहिल्यांदाच बरोबर जुळली.

तपासणीच्या बाई पान उलटून म्हणाल्या, "इतक्या अचूक नोंदी आम्ही कुठंच पाहिल्या नाहीत."

आता मी प्रत्येकाची गोणी आधी रिकामी टांगते, बटण दाबते, मग भरलेली. रांग लांबते, पोरं कुरकुरतात. जुनं रजिस्टर सरांनी रद्दीत टाकायला सांगितलं होतं. ते मी माझ्या हातानं गोणीत घालून काट्यावर टांगलं आणि चाचांना दिलं.